उत्पादनाची बाह्यरेषा तशीच ठेवून देखावा आणि शैली बदलणे : एज मॅप व डेप्थ मॅप यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न प्रामुख्याने भांडी, दिवे आणि हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांकडून आणि त्यांच्यासाठी छायाचित्रे तयार करणाऱ्यांकडून येतात. सर्व उत्तरांत एकच उदाहरण घेतले आहे. ३० सेंटिमीटर उंचीची, पाच वातींची पितळी समई पांढऱ्या कागदासमोर ठेवून छायाचित्र काढले आहे आणि तीच समई एकदा संध्याकाळच्या देवघरात व एकदा रंगचित्राच्या शैलीत दाखवायची आहे. साधन म्हणून शब्दांवरून चित्र काढणारे स्टेबल डिफ्यूजन एक्सएल, म्हणजे एसडीएक्सएल, हे मॉडेल आणि त्याच्या जोडीला कंट्रोलनेट गृहीत धरले आहे. पडद्यावर जी नावे जशी दिसतात तशीच ती येथे दिली आहेत.

१. एज मॅप आणि डेप्थ मॅप म्हणजे नेमके काय? चित्र तयार होताना ते काय करतात?

एज मॅप म्हणजे कडांचा नकाशा. मूळ छायाचित्रात उजेड-अंधाराचा फरक जेथे एकदम बदलतो तेथे पांढरी रेघ आणि उरलेले सगळे काळे, असे हे चित्र असते. ते काढण्याची सर्वांत रूढ पद्धत जॉन कॅनी यांनी १९८६ साली मांडली, म्हणून त्याला कॅनी मॅप असेही म्हणतात. डेप्थ मॅपमध्ये रेघा नसतात. त्यात प्रत्येक ठिपक्याची करडी छटा ती जागा कॅमेऱ्यापासून किती जवळ आहे ते सांगते, आणि रूढ पद्धतीप्रमाणे जवळचे पांढरे व लांबचे काळे असते. हा नकाशा एकाच छायाचित्रावरून अंदाजाने काढला जातो, त्यामुळे त्यातले अंतर सापेक्ष असते, सेंटिमीटरमध्ये मोजलेले नसते.

हे नकाशे चित्र काढणाऱ्या मॉडेलपर्यंत कंट्रोलनेट पोहोचवते. ल्वमिन झांग, आन्यी राव आणि मनीष अग्रवाला यांनी २०२३ साली मांडलेल्या या पद्धतीत मूळ मॉडेल गोठवून ठेवले जाते आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाची एक प्रत नकाशा वाचायला शिकवली जाते. चित्र एकदम नव्हे तर पायरीपायरीने तयार होते, आणि ही प्रत प्रत्येक पायरीला मूळ मॉडेलच्या कामात थोडी भर घालते. म्हणून नकाशा हा साच्यासारखा कडक नसतो. तो एक दाब असतो आणि तो किती व कोठवर द्यायचा हे आपण ठरवायचे असते. पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीतूनच निघतात.

२. समईचे नीट वर्णन प्रॉम्प्टमध्ये लिहिले, किंवा मूळ फोटोवरूनच नवे चित्र काढले, तर हा नकाशांचा खटाटोप टळणार नाही का?

टळणार नाही. शब्दांतून "पाच वातींची पितळी समई" मिळते, पण ती आपली समई नसते. दांड्यावर कड्या किती, बैठकीचा घेर किती पसरट, हे मॉडेल आपल्या मनाने ठरवते. मूळ फोटोवरून नवे चित्र काढताना `Denoising strength` कमी ठेवली तर पांढरा कागद आणि जुना उजेड मागे राहतो, आणि वाढवली तर देखाव्याबरोबर समईचा आकारही बदलतो. एकाच कळीला आकार आणि देखावा दोन्ही बांधलेले असल्यामुळे ही कुचंबणा होते. नकाशा त्या दोघांना वेगळे करतो : आकार नकाशातून येतो आणि देखावा शब्दांतून.

३. दोन्हींपैकी कोणता नकाशा वापरावा?

बाह्यरेषा हुबेहूब हवी असेल तर आधार एज मॅपचाच घ्यावा. डेप्थ मॅप काढणारी मॉडेले आतून लहान आकाराच्या चित्रावर काम करतात. मिडासच्या प्रचलित आवृत्त्यांत ती बाजू ३८४ पिक्सेलची आणि डेप्थ एनीथिंगमध्ये ५१८ पिक्सेलची असते. त्यामुळे दांड्यावरच्या अरुंद खाचा त्यात विरघळून जातात आणि दांडा काठीसारखा गुळगुळीत होतो. उलट, वाटी पुढे किती फुगली आहे आणि कोणती चोच आपल्याकडे व कोणती मागे वळली आहे, हे डेप्थ मॅपला ठाऊक असते आणि एज मॅपला नसते. केवळ एज मॅपवर काढलेल्या समईत मागची चोच पुढे आल्यासारखी दिसते ती याच कारणाने.

म्हणून माझा कल दोन्ही एकत्र वापरण्याकडे आहे : एज मॅप जास्त वजनाने आणि डेप्थ मॅप हलक्या हाताने. वजनांचे आकडे प्रश्न ८ मध्ये दिले आहेत.

४. कॅनीमध्ये दोन आकडे विचारले जातात. ते कसे ठरवायचे?

हे दोन उंबरठे आहेत. उजेडाचा बदल वरच्या उंबरठ्यापेक्षा तीव्र असेल तर ती कड पक्की धरली जाते आणि खालच्या उंबरठ्यापेक्षा मंद असेल तर टाकून दिली जाते. जे मधले उरते ते एखाद्या पक्क्या कडेला चिकटलेले असेल तरच ठेवले जाते. १०० आणि २०० हे आकडे सुरुवातीला ठीक असतात. रेघा फार आल्या, पितळेवरचे ओरखडेही उमटले, तर वरचा आकडा वाढवावा. रेघ मध्येच तुटत असेल तर खालचा आकडा कमी करावा, कारण तुटलेला भाग बहुधा मंद असला तरी पक्क्या रेघेला जोडलेला असतो.

मात्र आकडे शोधण्यात अर्धा तास घालवू नये. धातूच्या वस्तूसाठी एकही जोडी अशी सापडत नाही की जिच्यात बाह्यरेषा अखंड येते आणि नको त्या रेघाही जातात. त्यावरचा उपाय पुढच्या दोन प्रश्नांत आहे.

५. समईची बाह्यरेषा काही जागी नाहीशीच होते. आकडे बदलूनही येत नाही. काय करावे?

उजळ पितळेवर जेथे झळाळी पडते तेथे धातू आणि मागचा पांढरा कागद यांत फरकच उरत नाही. जेथे फरक नाही तेथे कॅनीला कड दिसणार नाही. अशा फटीतून मॉडेल आकार बाहेर सांडू देते आणि वाटीचा काठ पार्श्वभूमीत मिसळतो.

पुन्हा फोटो काढता येत असेल तर मागे मध्यम करड्या रंगाचे कापड लावावे. ते शक्य नसेल तर बाह्यरेषा फोटोतून न काढता मास्कमधून काढावी. समई पांढरी आणि बाकी सर्व काळे असा मास्क कोणत्याही चित्र-संपादकात हाताने नीट करून घेता येतो, आणि त्याची कड नेहमी बंद असते. आतल्या रेघा तेवढ्या फोटोतून घ्याव्यात आणि दोन्ही एकत्र कराव्यात.

```python
import cv2
img = cv2.imread("samai.png")
mask = cv2.imread("mask.png", 0)
outer = cv2.Canny(mask, 100, 200)
soft = cv2.bilateralFilter(img, 9, 75, 75)
inner = cv2.Canny(soft, 80, 180)
core = cv2.erode(mask, None, iterations=6)
inner[core == 0] = 0
cv2.imwrite("edges.png", cv2.max(outer, inner))
```

यातील `erode` ची ओळ मास्कला सहा पिक्सेलने आत घेते. तसे केले नाही तर फोटोतली कड आणि मास्कची कड शेजारीशेजारी येऊन दुहेरी रेघ होते आणि मॉडेल तिला भांड्याचा उमटवलेला काठ समजते. हा तयार नकाशा कंट्रोलनेटला देताना `Preprocessor` मध्ये `none` निवडावे, नाहीतर नकाशाचाच पुन्हा नकाशा काढला जातो. नकाशा हाताने पांढऱ्यावर काळ्या रेघांनी काढलेला असेल तर तो आधी उलटा करून काळ्यावर पांढरा करून घ्यावा.

६. नव्या चित्रात समईवर आडव्या-उभ्या विचित्र खुणा कोरल्यासारख्या येतात. त्या मूळ समईवर नाहीत. कोठून येतात?

त्या खोलीतून येतात. घासलेले पितळ आरशासारखे असते आणि फोटो काढताना समोरची खिडकी, छायाचित्रकाराचा सदरा, टेबलाचा काठ, सर्व वाटीच्या पोटावर वाकडेतिकडे उमटलेले असते. आपले डोळे त्याला प्रतिबिंब म्हणून सोडून देतात, पण कॅनीला प्रतिबिंब आणि कोरीव रेघ यांतला भेद कळत नाही. नकाशात ती रेघ आली की मॉडेल तिला आकाराचा भाग धरते. देवघराच्या मंद उजेडात खिडकीची चौकट दिसण्याचे कारणच नसल्यामुळे ती रेघ कशाची तरी म्हणून दाखवायची, तर कोरीव नक्षी म्हणून दाखवली जाते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी दोन तास प्रॉम्प्टमधून "नक्षी" काढण्याची खटपट करत होतो. दोष प्रॉम्प्टमध्ये नव्हताच.

उपाय एकच आहे : नकाशा चित्र-संपादकात उघडून काळ्या ब्रशने त्या रेघा पुसून टाकणे. कोणती रेघ ठेवायची आणि कोणती पुसायची, हे ठरवताना वस्तू हातात घेऊन बघावे. नख फिरवल्यावर जी रेघ जाणवते ती आकाराची आहे आणि ती ठेवावी. नखाला जी लागत नाही ती उजेडाची आहे आणि ती पुसावी. समईच्या बाबतीत बहुतेक वेळा बाह्यरेषा, कड्यांच्या खाचा, वाटीचा काठ आणि चोचींच्या कडा एवढेच उरते, आणि तेवढे पुरते. नकाशा जितका मोकळा तितका नव्या उजेडाला धातूवर खेळायला वाव मिळतो.

डेप्थ मॅपला हा रोग कमी होतो, म्हणून प्रतिबिंबे फारच दाट असतील तर त्याचे वजन थोडे वाढवून आतल्या कडा आणखी कमी कराव्यात.

७. चित्राचा आकार किती ठेवावा? समई चपटी किंवा लांबट का होते?

नकाशाचे लांबी-रुंदीचे प्रमाण आणि तयार होणाऱ्या चित्राचे प्रमाण एक नसेल आणि `Resize Mode` मध्ये `Just Resize` असेल, तर नकाशा ताणला जातो आणि समई तितकीच बिघडते. फोनचा फोटो बहुधा ३:४ प्रमाणात असतो. एसडीएक्सएल सुमारे दहा लाख पिक्सेलच्या चित्रांवर तयार झाले आहे, त्यामुळे ८६४ × ११५२ हा आकार सोयीचा पडतो : प्रमाण अचूक ३:४ राहते आणि दोन्ही बाजूंना ८ ने भाग जातो, जे या मॉडेलला आवश्यक असते. फोटो आधी याच आकारात आणावा आणि मगच नकाशा काढावा. ४००० पिक्सेलच्या फोटोवर काढलेला नकाशा नंतर लहान केला तर एका पिक्सेलच्या रेघा पुसट आणि तुटक होतात.

८. `Control Weight` आणि `Ending Control Step` यांचा अर्थ काय? किती ठेवावे?

पहिला आकडा नकाशाचा दाब किती ते सांगतो आणि दुसरा तो दाब कोठवर टिकतो ते सांगतो. चित्र ३० पायऱ्यांत होत असेल आणि शेवट ०.७ ठेवला असेल, तर एकविसाव्या पायरीनंतर नकाशा हात काढून घेतो आणि उरलेल्या नऊ पायऱ्या मॉडेल मोकळेपणाने काम करते. वस्तू कोठे आहे आणि तिचा ढोबळ आकार काय, हे पहिल्या काही पायऱ्यांतच ठरते. पोत, झळाळी आणि रंगाचे फटकारे मागाहून येतात. म्हणून सुरुवातीचा दाब कमी करण्यापेक्षा शेवटचा दाब लवकर सोडणे हे बहुधा अधिक फायद्याचे ठरते.

एसडीएक्सएलच्या कॅनी मॉडेलसोबत दिलेल्या नमुना-कोडमध्ये वजन ०.५ ठेवलेले आहे. साध्या देखाव्यांना ते ठीक आहे, पण विकायच्या वस्तूला मला ते सैल वाटते. समईसाठी मी एज मॅप ०.८ वजनाने ०.७ पर्यंत आणि डेप्थ मॅप ०.४ वजनाने ०.५ पर्यंत ठेवून सुरुवात करतो. दाब जास्त झाल्याची खूण अशी की कडांवर काळपट, कातरल्यासारखी रेघ दिसते आणि उजेड कोठूनही आला तरी समई कागदातून कापून चिकटवल्यासारखी वाटते. दाब कमी झाल्याची खूण म्हणजे कड्यांची संख्या बदलते. कड्या मोजणे ही सर्वांत जलद कसोटी आहे.

९. समई बरोबर येते, पण मागे देवघर येतच नाही. रिकामी भिंत किंवा धूसर अंधार येतो. प्रॉम्प्टमध्ये देवघराचे पूर्ण वर्णन आहे.

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे मूळ एका गैरसमजात आहे. नकाशातला काळा भाग म्हणजे "येथे काहीही काढ" असे आपण समजतो. मॉडेल मात्र त्याचा अर्थ "येथे कडा नाहीत" असा घेते. त्याला शिकवताना वापरलेले नकाशे पूर्ण चित्रांचे होते आणि त्यांत जेथे रेघा नव्हत्या तेथे खरोखरच आकाश, कोरी भिंत किंवा धूसर पार्श्वभूमी होती. समईभोवती सगळे काळे दिले की ते प्रामाणिकपणे कोरी भिंत काढते. डेप्थ मॅपमध्येही तेच होते : मागचा एकसारखा काळा रंग म्हणजे फार लांबवर काहीच नाही.

यावर तीन उपाय आहेत आणि ते याच क्रमाने करून पाहावेत. पहिला म्हणजे दाब लवकर सोडणे, शेवट ०.७ वरून ०.५ वर आणणे. त्याने मागे थोडे सामान येते, पण समईची रेघही किंचित सैल होते. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे : नकाशात देखाव्याच्या चार-पाच रेघा स्वतः काढणे. पाटाची किंवा चौरंगाची पुढची कड, भिंत आणि जमीन मिळते ती आडवी रेघ, मखराच्या कमानीची एक वळणदार रेघ, बस्स. रेघ किंचित वाकडी असली तरी चालते, कारण मॉडेल तेथून धागा पकडून बाकीचे भरते. तिसरा उपाय नकाशाचा अंमल केवळ समईच्या भागापुरता ठेवण्याचा आहे. काही वेब-साधनांत त्यासाठी `Effective Region Mask` असा रकाना असतो. त्यात समईच्या मास्कपेक्षा दहा-बारा पिक्सेल मोठा मास्क द्यावा, नेमका तेवढाच दिला तर कडेवरच गडबड होते.

१०. समई हवेत तरंगते, किंवा बैठकीखाली आणखी एक थर वाढतो. हे का?

दोन्हींचे कारण एकच आहे : समई कशावर टेकली आहे हे नकाशात कोठेही सांगितलेले नसते. एज मॅप आतली रेघ राखतो, पण तिच्या बाहेर काही जोडू नये असे सांगण्याची ताकद त्याच्यात नसते. मग मॉडेल बैठकीला खाली ताटली जोडते किंवा तिचा घेर वाढवते. पांढऱ्या कागदावरच्या फोटोत मूळची सावली कापून टाकलेली असली की हे हमखास होते.

डेप्थ मॅपमध्ये जमीन घालावी. चित्र-संपादकात समईच्या मागच्या थरावर खालून वर जाणारी छटा काढावी : चित्राच्या तळाशी जवळजवळ पांढरी, बैठक टेकते तेथे बैठकीच्याच छटेची आणि वर जाताना काळी होत जाणारी. बैठकीची आणि त्या ठिकाणच्या जमिनीची छटा जुळणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्ही एकाच अंतरावर आहेत हे त्यातूनच कळते. एवढे केल्यावर सावलीही बहुधा आपोआप योग्य जागी पडते.

११. शैली बदलायची असेल, उदाहरणार्थ जलरंग किंवा वारली, तर वेगळे काय करावे लागते?

जलरंगासाठी एज मॅपचा शेवट ०.५ ते ०.६ वर आणावा आणि आतल्या रेघा आणखी कमी कराव्यात. बाह्यरेषा लवकर ठरते आणि उरलेल्या पायऱ्यांत रंग काठावर ओघळायला मोकळीक मिळते. शेवट १ वर ठेवला तर चित्र फोटोवर फिल्टर लावल्यासारखे दिसते, कारण फोटोतल्या धातूच्या एक-पिक्सेल कडा आणि ब्रशचा फटकारा एकत्र नांदू शकत नाहीत.

वारलीची गोष्ट निराळी आहे. त्या चित्रपद्धतीत आकार हेच व्याकरण आहे : त्रिकोण, वर्तुळ, रेघ, आणि मातीच्या रंगावर पांढरा रंग. समईची हुबेहूब बाह्यरेषा ठेवली तर चित्र वारली राहत नाही, आणि वारली राखले तर बाह्यरेषा जाते. अशा वेळी समई जशीच्या तशी ठेवून मागची भिंत वारली चित्रांनी रंगवलेली दाखवणे हा मार्ग आहे, आणि त्यासाठी शैलीचे शब्द प्रॉम्प्टमध्ये भिंतीला जोडून लिहावेत, संपूर्ण चित्राला नव्हे.

१२. बैठकीवर देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. ते नेहमी बिघडते. नकाशात स्पष्ट असूनही का?

हे मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही, आठपट लहान केलेल्या रूपावर करते. त्यातला एक कण म्हणजे चित्रातला ८ × ८ पिक्सेलचा चौकोन. आपल्या ८६४ × ११५२ च्या चित्रात ३० सेंटिमीटरची समई ७५० पिक्सेल उंच बसवली, तर एक पिक्सेल म्हणजे ०.४ मिलिमीटर आणि एक कण म्हणजे ३.२ मिलिमीटर होतो. भांड्यावरची कोरलेली अक्षरे पाच-सहा मिलिमीटरची असतात. म्हणजे संपूर्ण अक्षर जेमतेम दोन कणांत बसवायचे असते, त्यात शिरोरेषा, काना आणि वेलांटी कशी टिकणार? दांड्यावरच्या तीन मिलिमीटरपेक्षा बारीक खाचाही याच कारणाने एकमेकींत मिसळतात.

नकाशाचे वजन वाढवून हे सुटत नाही. चित्र तयार झाल्यावर मूळ फोटोतला तो भाग वरून बसवावा लागतो. बाह्यरेषा जुळलेली असल्यामुळे तो नेमका बसतो, केवळ उजेड जुळवून घ्यावा लागतो. नकाशाचा खरा फायदा मला येथेच दिसतो : नवे चित्र आणि मूळ फोटो एकमेकांवर ठेवता येतात.

१३. मग मूळ समईच कापून नव्या पार्श्वभूमीवर का ठेवू नये?

शैली बदलायची नसेल तर काही अंशी तेच करावे. पण केवळ कापून ठेवलेली समई पांढऱ्या कागदाचा उजेड अंगावर घेऊनच येते आणि देवघराच्या पिवळसर अंधारात परकी दिसते. नकाशावर काढलेल्या समईवर नव्या देखाव्याचा उजेड असतो, पण बारकावे ढिले असतात. दोन्ही थर एकमेकांवर ठेवून उजेड आणि रंग नव्या थरातून व खाचा, अक्षरे, काठ मूळ थरातून घेतले की दोन्हींचे चांगले तेवढे मिळते. ग्राहकाला विकायच्या वस्तूच्या चित्रात मूळ थराचे पारडे जड असावे, कारण कड्यांची संख्या चुकलेले चित्र दाखवून वस्तू विकणे ही फसवणूकच होते.

१४. वात पेटलेली दाखवायची आहे, पण ज्योती येत नाहीत किंवा भलतीकडे येतात.

फोटोत समई विझलेली असल्यामुळे चोचींवर नकाशा काळा आहे, आणि काळ्याचा अर्थ काय होतो ते प्रश्न ९ मध्ये सांगितले आहे. प्रत्येक चोचीच्या टोकावर पानाच्या आकाराची लहान बंद रेघ नकाशात काढावी. त्यानेही पाचांपैकी एखादी ज्योत हुकते, तेव्हा तेवढाच भाग मास्क करून पुन्हा काढावा. ज्योती आल्यावर वाटीच्या आतल्या बाजूवर उजेड पडला आहे का ते पाहावे, नसेल तर ज्योती चिकटवल्यासारख्या दिसतात.

१५. त्याच नकाशावरून समई थोडी बाजूने किंवा वरून दाखवता येईल का?

नाही. नकाशात कॅमेऱ्याची जागाही गोठलेली असते. समोरून काढलेल्या समईला प्रॉम्प्टमध्ये "वरून दिसणारी रांगोळी" जोडली की जमीन वरून आणि समई समोरून, असा विसंगत प्रकार होतो. वाटीचा काठ नकाशात जवळजवळ सरळ रेघ दिसत असेल तर कॅमेरा काठाच्या उंचीवर होता, आणि मग देखाव्यातली क्षितिजरेषाही त्याच उंचीवर घ्यावी. काठ लंबगोल दिसत असेल तर क्षितिज त्याच्या वर हवे. दुसरा कोन हवा असेल तर दुसरा फोटो काढावा.

१६. बाह्यरेषा खरोखर जशीच्या तशी राहिली की नाही, हे डोळ्यांव्यतिरिक्त कसे तपासावे?

नव्या चित्रातल्या समईचा मास्क करून त्याची बाह्यरेषा काढावी, ती मूळ बाह्यरेषेवर ठेवावी आणि वरच्या थराला `Difference` हा प्रकार द्यावा. दोन्ही जुळत असतील तर सर्व काळे दिसते आणि जेथे सरकले असेल तेथे दोन पांढऱ्या रेघा दिसतात. प्रश्न १२ मधल्या हिशोबाने तीन पिक्सेलचा फरक म्हणजे समईवर १.२ मिलिमीटर. दांड्यावर सर्वत्र एवढा फरक असेल तर मी सोडून देतो, पण तो केवळ एका बाजूला असेल तर दांडा वाकलेला दिसतो आणि ते चित्र टाकून द्यावे लागते. `Seed` बदलून चार चित्रे काढली तर त्यांतले एखादे बहुधा या कसोटीला उतरते. चारही एकाच जागी चुकत असतील तर चूक नकाशात आहे असे समजून तेथे मोठे करून पाहावे, बहुतेक वेळा प्रश्न ५ मधली फट सापडते.

१७. काचेच्या हंडीसाठी हीच पद्धत चालेल का?

अर्धीच चालेल. डेप्थ मॅप काढणारी मॉडेले अनेकदा काचेतून आरपार पाहतात आणि हंडीच्या जागी मागच्या भिंतीचे अंतर लिहितात, तसे झाले तर तो नकाशा एक तर वापरूच नये किंवा मास्कवर हाताने गोलाकार छटा भरून तयार करावा. एज मॅपमध्ये काचेतून दिसणाऱ्या मागच्या वस्तूंच्या कडाही येतात, त्या पुसाव्यात. प्रश्न १३ मधली थरांची युक्तीही येथे लंगडी पडते, कारण मूळ फोटोतल्या काचेत मूळ पांढरा कागदच भरलेला असतो. तेथे काठ आणि बूड एवढेच मूळ थरातून घ्यावे.

१८. जुन्या मॉडेलसाठी उतरवून घेतलेली कंट्रोलनेटची फाइल एसडीएक्सएलला चालत नाही. काय चुकते आहे?

चुकत काही नाही. कंट्रोलनेट ही मूळ मॉडेलच्याच एका भागाची प्रत असल्यामुळे ती त्याच घराण्याला जुळते. `control_v11p_sd15_canny` ही फाइल स्टेबल डिफ्यूजन १.५ साठी आहे आणि एसडीएक्सएलला `controlnet-canny-sdxl-1.0` सारखी वेगळी फाइल लागते. काढलेले नकाशे मात्र कोणत्याही घराण्याला चालतात, म्हणून हाताने साफ केलेला एज मॅप मूळ फोटोशेजारी जपून ठेवावा.